पाच मिनिटांत मन किती वेळा पळतं, आणि ते मोजायचं कसं?

मागच्या महिन्यात माझ्या मावसबहिणीचा फोन आला. ती यंदा नेट देते आहे, शिवाय दोन ठिकाणच्या पीएचडी प्रवेशपरीक्षाही. म्हणाली, "ताई, तू सांगितलंस म्हणून ध्यान करून बघितलं. मला नाही जमत. डोळे मिटले की दुसऱ्या मिनिटाला पेपर टूचा सिलॅबस सुरू होतो. आणि खरं सांगू का, मला हे सगळं जरा थोतांडच वाटतं."

या एका वाक्यात दोन तक्रारी आहेत. 'थोतांड वाटतं' ही दुसरी तक्रार मला आवडली. संशोधनात येऊ बघणाऱ्या माणसाला ती असायलाच हवी. तिच्याकडे शेवटी येऊ. पहिली तक्रार मात्र चुकीच्या समजुतीतून आलेली आहे, आणि ती जवळजवळ प्रत्येक नवशिक्याची असते. 'मन भटकलं, म्हणजे ध्यान फसलं.' हे खरं असतं तर आपल्यापैकी कोणीच हा प्रकार कधी शिकू शकला नसता.

आधी एक आकडा सांगते, म्हणजे तुम्ही स्वतःवर नाराज होणार नाही. २०१० साली मॅथ्यू किलिंग्जवर्थ आणि डॅनियल गिल्बर्ट या हार्वर्डच्या दोन संशोधकांनी 'सायन्स' या नियतकालिकात एक छोटासा पेपर छापला. त्यांनी २,२५० प्रौढ माणसांना फोनवरच्या अॅपमधून दिवसातून अधूनमधून, कोणत्याही क्षणी विचारलं की आत्ता काय करताय, आणि जे करताय त्याचाच विचार मनात आहे की दुसराच? जवळपास ४७ टक्के वेळा उत्तर आलं, दुसराच. ही माणसं ध्यानाला बसलेली नव्हती. जेवत होती, काम करत होती, बसमध्ये होती. म्हणजे मनाचं भटकणं ही ध्यानात येणारी अडचण नाही. ती रोजचीच स्थिती आहे. फक्त एरवी आपण तिच्याकडे बघत नाही, आणि डोळे मिटून बसलं की ती दिसायला लागते.

मग ध्यानात नेमकं करायचं काय? मी इथे ज्याबद्दल लिहिते आहे ते सजगता ध्यान, ज्याला इंग्रजीतून आलेल्या नावाने आपण माइंडफुलनेस म्हणतो. बौद्ध परंपरेतली ही पद्धत १९७९ साली जॉन कबात-झिन यांनी अमेरिकेत मॅसॅच्युसेट्सच्या एका वैद्यकीय महाविद्यालयात, धार्मिक भाग बाजूला ठेवून, काही आठवड्यांच्या अभ्यासक्रमात बसवली. दीर्घकाळ दुखण्याने त्रासलेल्या रुग्णांसाठी. आपल्याकडे बरेच जण याला थेट इगतपुरीशी जोडतात आणि दहा दिवसांच्या मौनाच्या विचारानेच घाबरतात. तिथल्या शिबिरातही पहिले तीन दिवस श्वासाकडेच लक्ष द्यायचं असतं, त्यामुळे नातं आहेच. पण ते म्हणजे पंढरीची वारी, आणि आपल्याला आज कोपऱ्यावरच्या दुकानापर्यंत जाऊन यायचं आहे.

एका भटकण्याचे चार तुकडे

मला स्वतःला ही गोष्ट पटली ती एका प्रयोगामुळे. वेंडी हासेनकॅम्प आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अटलांटातल्या एमरी विद्यापीठात तो केला, आणि २०१२ मध्ये 'न्यूरोइमेज'मध्ये छापला. ध्यानाचा सराव असलेल्या १४ जणांना त्यांनी एमआरआय यंत्रात झोपवलं आणि वीस मिनिटं श्वासाकडे लक्ष ठेवायला सांगितलं. सोबत एक बटण. 'मन भटकलंय' असं लक्षात आलं की बटण दाबायचं आणि पुन्हा श्वासाकडे यायचं. बास, एवढंच.

आता यातली हुशारी बघा. बटण दाबल्याचा क्षण हातात आला की त्याच्या मागचे-पुढचे सेकंद वाचता येतात. बटणाच्या आधीचे काही सेकंद मन नक्कीच भटकत होतं. बटणाचा क्षण म्हणजे 'अरे, मी कुठे गेलो होतो!' त्यानंतर लक्ष उचलून परत आणणं. आणि त्यानंतर पुन्हा काही काळ श्वासावर टिकणं. हे चार टप्पे, आणि त्या त्या वेळी मेंदूतली वेगवेगळी जाळी जास्त सक्रिय दिसली. भटकताना डिफॉल्ट मोड नेटवर्क, म्हणजे आपण काही विशेष करत नसताना, स्वतःबद्दल, काल-उद्याबद्दल विचार करताना जे चालू असतं ते. लक्षात येण्याच्या क्षणी महत्त्वाच्या गोष्टीची दखल घेणारं जाळं. आणि परत आणताना, टिकवताना, लक्षाचं नियंत्रण करणारं.

माणसं फक्त चौदा होती. एवढ्या छोट्या नमुन्यावरून 'ध्यानाने मेंदू बदलतो' असं कोणी म्हणालं तर तुम्ही भुवया उंचवायलाच हव्यात. पण माझा मुद्दा वेगळा आहे. या प्रयोगाची रचनाच सांगते की सरावलेल्या माणसांचंही मन भटकतं, नाहीतर बटण दाबायला काही उरलंच नसतं. आणि ध्यान म्हणजे त्या चारपैकी फक्त शेवटचा टप्पा नाही. चारही टप्पे मिळून एक फेरी होते. तुम्ही शिकायचं आहे ते दुसरं आणि तिसरं, लक्षात येणं आणि परत येणं. पहिला टप्पा आलाच नाही तर दुसऱ्या-तिसऱ्याचा सराव होणार कधी?

माझ्या बहिणीला मी हेच सांगितलं. सिलॅबस सुरू झाला हे तुला दुसऱ्या मिनिटाला *कळलं* ना? तिथे तू उठलीस. खरं तर तिथूनच सुरुवात होती.

पाच मिनिटं, पायरी पायरीने

पाचच मिनिटं का? कारण शांत बसलेला माणूस मिनिटाला साधारण बारा ते वीस श्वास घेतो. संथ गतीचा हिशेब धरला तरी पाच मिनिटांत साठ श्वास होतात. साठ श्वासांत भटकणं-परतणं याच्या बऱ्याच फेऱ्या होऊन जातात, आणि नवशिक्याला तेवढ्या पुरतात. वीस मिनिटं बसलात तर पहिल्या आठवड्यात त्यातली पंधरा कंटाळ्याशी भांडण्यात जातील.

जागा कुठलीही चालेल. हॉस्टेलची खुर्ची उत्तम. पाठ सरळ पण ताठ नाही, दोन्ही पाय जमिनीवर. मांडी घालून बसायची सवय असेल तर घाला, नसेल तर पाच मिनिटांनी पायाला मुंग्या येतील आणि तुमचं सगळं लक्ष तिकडेच जाईल. फोनवर पाच मिनिटांचा टायमर लावा आणि फोन उलटा ठेवा, नोटिफिकेशन बंद करून. डोळे मिटा, किंवा अर्धे उघडे ठेवून समोर जमिनीकडे बघा.

आता श्वास कुठे *जाणवतो* ते शोधा. नाकपुड्यांच्या कडेला गार हवा लागते तिथे, किंवा छाती, किंवा पोट. ज्या जागी सगळ्यात स्पष्ट कळतं ती एक जागा निवडा आणि पाच मिनिटं बदलू नका. श्वास लांब करायचा नाही, रोखायचा नाही. हा प्राणायाम नाही. पहिल्या काही श्वासांत तुम्हाला वाटेल की आपणच तो मुद्दाम घेतोय. लक्ष दिलं की श्वास थोडा कृत्रिम होतोच. चालणाऱ्या माणसाला 'कसा चालतोस रे' म्हटलं की त्याची चाल बिघडते, तसंच. त्याकडेही नुसतं बघायचं. थोड्या वेळाने तो आपला आपण चालू लागतो.

आणि मोजायचं. प्रत्येक उच्छ्वासाला एक आकडा, मनातल्या मनात. एकपासून नऊपर्यंत, नऊ झाले की पुन्हा एक. नऊपर्यंतची ही मोजणी मी डॅनियल लेव्हिन्सन, रिचर्ड डेव्हिडसन आणि सहकाऱ्यांच्या २०१४ सालच्या एका अभ्यासातून उचलली आहे. त्यांना सजगता मोजायची होती, आणि 'तुम्ही किती सजग आहात, एक ते पाचमध्ये सांगा' या प्रश्नावलीवर त्यांचा भरवसा नव्हता. जो माणूस सजग नाही त्याला आपण सजग नाही हे कसं कळणार? म्हणून त्यांनी लोकांना श्वास मोजायला लावले. एक ते आठला एक बटण, नवव्या श्वासाला दुसरं. दाबलेली बटणं यंत्रात नोंदली जात होती, त्यामुळे नववं बटण चुकीच्या श्वासाला दाबलं की ते पकडलं जायचं.

आपल्याकडे यंत्र नाही. पण नऊवर थांबण्याचा फायदा आपल्यालाही होतो, कसा ते पुढे सांगते.

मन गेलं हे कळलं, आता?

तर तुम्ही चारवर होतात, आणि अचानक जाणवलं की गेला अर्धा मिनिट तुम्ही गाईडला पाठवायच्या ईमेलची वाक्यं जुळवताय. इथे करायच्या गोष्टी तीनच आहेत, आणि मिळून एका श्वासात होतात. कुठे गेलो होतो त्याला एक शब्द द्या. 'आखणी', 'काळजी', 'आठवण', असा. त्या विचाराची बाकी गोष्ट ऐकत बसू नका. आणि पुढच्या उच्छ्वासाला 'एक' म्हणा. चार आठवत असला तरी पाच नाही. एक.

सोपं वाटतं. बिघडतं ते पुढच्या काही ठिकाणी.

सर्वांत जास्त लोक अडकतात ते विचार दाबण्यात. 'ईमेलचा विचार करायचाच नाही' असं ठरवून बसतात. याचं काय होतं ते डॅनियल वेग्नर यांनी १९८७ मध्ये दाखवलं. त्यांनी विद्यार्थ्यांना सांगितलं, पाच मिनिटं मनात येईल ते बोलत राहा, फक्त पांढऱ्या अस्वलाचा विचार करू नका; केलात तर घंटा वाजवा. घंटा वाजत राहिली. आणि ज्यांनी आधी दाबायचा प्रयत्न केला, त्यांना नंतर मोकळीक दिल्यावर, सुरुवातीपासूनच मोकळीक असलेल्यांपेक्षा अस्वल *जास्त* आठवलं. कारण समजायला सोपं आहे. 'अस्वल आलं का?' हे तपासत राहायचं तर अस्वल मनाच्या दारात उभं ठेवावंच लागतं. म्हणून ईमेल आली तर येऊ दे. तिला हाकलायचं नाही, तिच्याबरोबर चहाला बसायचं नाही, आपण श्वासाकडे यायचं.

दुसरी गडबड म्हणजे स्वतःला झापणं. 'परत गेलं! माझं हे असंच.' हे लक्षात ठेवा की झापणं हेही भटकणंच आहे, फक्त ते शिस्तीचा वेष घालून येतं. त्यालाही एक शब्द द्या, 'रागावणं', आणि एक.

तिसरी खास आपल्या लोकांची. चौथ्या मिनिटाला थिसिससाठी भन्नाट कल्पना सुचते. वहीत लिहून ठेवू का? मी दोनदा उठून लिहिली. नंतर वाचलं तर एकदा 'टेबल ३ आडवं कर' आणि एकदा एका माणसाला द्यायचं खोचक उत्तर. तेव्हापासून मी टायमर वाजेपर्यंत थांबते. तोपर्यंत जी विसरली जाते ती गेली.

झोप येत असेल तर डोळे उघडा, पाठ खुर्चीपासून सोडवा. तरी येत असेल तर तुम्हाला ध्यानाची नाही, झोपेची गरज आहे. हे मी थट्टेने म्हणत नाही. परीक्षेच्या काळात चार तास झोपून सकाळी सजगता शोधणारे बरेच भेटतात.

मोजलेला आकडा काय सांगतो

आता संशोधनाची तयारी करणाऱ्यांसाठी मुख्य भाग. शंका असेल तर विश्वास ठेवू नका, नोंद ठेवा. पण नोंद वाचण्यात एक सापळा आहे आणि मी त्यात पडले होते.

माझी पद्धत अशी होती. मन हरवून परत आलं की डाव्या हाताचा अंगठा बोटांच्या पेरांवरून एक पेर पुढे. एका हाताच्या चार बोटांवर बारा पेरं होतात, पाच मिनिटांना ती पुरतात. मोजणी नऊच्या पुढे घसरली, तर ती कितीवर थांबली तो आकडा लक्षात ठेवायचा. टायमर वाजला की वहीत तीन गोष्टी लिहायच्या: पूर्ण नऊच्या फेऱ्या किती, हरवून परत किती वेळा आले, आणि नऊ ओलांडून किती वेळा गेले.

पहिल्या दिवशी पूर्ण फेरी एक. हरवून परत, दोनदा. नऊ ओलांडले दोनदा, एकदा चौदावर जाग आली, एकदा सतरावर. सहाव्या दिवशी पूर्ण फेऱ्या दोन, ओलांडणं शून्य, पण हरवून परत आले तब्बल सात वेळा.

मी वहीत लिहिलं होतं, 'बिघडत चाललंय.' दोनाचे सात झाले!

जरा थांबून हिशेब करू. माझे पाच मिनिटांत साधारण साठ श्वास होतात, म्हणजे एक श्वास पाच सेकंदांचा. पहिल्या दिवशी एका पूर्ण फेरीचे नऊ, आणि ओलांडलेल्या दोन फेऱ्यांचे चौदा अधिक सतरा, म्हणजे एकतीस. झाले चाळीस. उरलेले वीस श्वास दोन हरवण्यांत गेले. म्हणजे 'एक' म्हटल्यापासून हरवल्याचं कळेपर्यंत सरासरी दहा श्वास, पन्नास सेकंद. सहाव्या दिवशी दोन फेऱ्यांचे अठरा वजा केले तर बेचाळीस उरतात, ते सात वेळांत वाटले. सहा श्वास. तीस सेकंद. म्हणजे सुटण्याची वेळ वाढली नव्हती. सुटलं की *लवकर कळू* लागलं होतं. आणि लवकर कळलं की एकाच पाच मिनिटांत जास्त वेळा कळतं. साहजिक आहे.

नऊ ओलांडण्याची नोंद इथेच कामाला येते. आमची आजी जपमाळ ओढता ओढता ओठांचं पुटपुटणं न थांबवता हाताने खुणावायची, 'दूध बघ, उतू जाईल.' मोजणी चालू आणि मन स्वयंपाकघरात. मन हजर नसतानाही आकडे पुढे जाऊ शकतात. तुम्ही सतरावर जागे झालात तर हमखास समजा की नऊपासून पुढे घरी कोणी नव्हतं. 'मला वाटलं मी लक्ष देत होते' या म्हणण्याला हा छोटासा पण बाहेरचा पुरावा आहे. हरवण्याचे आकडे वाढले आणि ओलांडणं कमी झालं, तर तुम्ही शिकताय असं मानायला जागा आहे. दोन्ही एकत्र वाढले, तर खरंच जास्त भटकताय. त्या आठवड्यातली झोप, काळजी, जागा यांकडे बघा.

स्वतः पकडलेलं भटकणं आणि खरोखर झालेलं भटकणं या दोन वेगळ्या राशी आहेत, हे संशोधकांनाही वेगळं काढावं लागतं. मायकेल सायेट, एरिक रायकल आणि जोनाथन स्कूलर यांचा २००९ सालचा प्रयोग त्यासाठी वाचण्यासारखा आहे. काही पुरुषांना त्यांनी मद्य दिलं, काहींना मद्य म्हणून दुसरंच पेय, आणि सगळ्यांना टॉलस्टॉयची 'वॉर अँड पीस' वाचायला बसवलं. लक्ष उडाल्याचं स्वतःला कळलं तर बटण दाबायचं. शिवाय मधूनमधून त्यांना अचानक विचारलंही जायचं, 'आत्ता लक्ष होतं का?' नुसती बटणं मोजली असती तर मद्य घेतलेले जास्त भटकले असं दिसलंच नसतं. अचानक विचारल्यावर मात्र ते जवळपास दुप्पट वेळा भटकलेले सापडले. मन जास्त पळत होतं, आणि पळाल्याचं कळण्याची क्षमताही मंदावली होती. दोन्ही परिणामांनी एकमेकांना झाकून टाकलं.

माझ्या पहिल्या दिवसाच्या 'फक्त दोन'चं आणि या बटणांचं दुखणं एकच आहे. तुमच्या संशोधनात उद्या 'विद्यार्थ्यांनी स्वतः नोंदवलेल्या चुका' असा चल येईल तेव्हा हे आठवेल.

माझ्या नोंदीच्या मर्यादाही सांगायला हव्यात. एकच माणूस, तोही मीच, आणि मला काय दिसायला हवं ते मला माहीत होतं. अकराव्या दिवशी, रात्रभर रिपोर्ट लिहून बसले तेव्हा, एकही पूर्ण फेरी झाली नाही आणि दोनदा नऊ ओलांडले. म्हणजे ओळ सरळ वर चढत नाही. आणखी एक: दोन आठवड्यांनंतर मी नोंद बंद केली, कारण बाराव्या दिवसापासून मी श्वासाऐवजी 'आज आकडा चांगला यायला हवा' याकडेच लक्ष देत होते. चौदा दिवस पुरेत. नंतर पेरं सोडा, वही सोडा, मोजणी हवी तर ठेवा.

आणि ते 'थोतांड'?

बहिणीच्या दुसऱ्या तक्रारीला माझं उत्तर असं. ध्यानाबद्दल जे जे सांगितलं जातं त्यातलं पुष्कळ फुगवलेलं आहे. पण सगळं नाही. २०१४ मध्ये माधव गोयल आणि सहकाऱ्यांनी 'जामा इंटर्नल मेडिसिन'मध्ये त्या वेळेपर्यंतच्या प्रयोगांचा आढावा घेतला. निकष त्यांनी कडक ठेवले. तुलनेचा गट नुसता घरी बसलेला नको, त्यालाही काहीतरी कार्यक्रम दिलेला हवा. त्यातून ४७ चाचण्या आणि ३,५१५ माणसं उरली. सजगता ध्यानाच्या कार्यक्रमांनी चिंता, नैराश्य आणि वेदना थोड्या कमी होतात याला मध्यम दर्जाचा पुरावा मिळाला. चिंतेसाठी आठ आठवड्यांनी परिणामाचं माप ०.३८ होतं. साध्या भाषेत, तुलनेच्या गटात शंभर माणसं असतील तर ध्यान करणारा सरासरी माणूस त्यातल्या साधारण पासष्ट जणांपेक्षा बरा. काहीच फरक नसता तर पन्नास आले असते. म्हणजे फरक आहे, आणि छोटा आहे.

आता तुमच्या कामाची गोष्ट. लक्ष किंवा झोप सुधारते का, याबाबत त्यांना पुरेसा पुरावा मिळाला नाही. व्यायाम, औषधं किंवा मानसोपचार यांच्यापेक्षा ध्यान सरस आहे असंही कुठे दिसलं नाही. तेव्हा 'ध्यान करा, नेटचा स्कोअर वाढवा' असं कोणी म्हणत असेल तर त्याला पेपर मागा. शिवाय हे कार्यक्रम बहुतेक कित्येक आठवड्यांचे होते, शिक्षकासोबत, आणि रोज पाच मिनिटांपेक्षा खूप जास्त सरावाचे. ०.३८ हा आकडा तुमच्या पाच मिनिटांना लावता येत नाही. पाच मिनिटांत तुम्ही मन गेल्याचं ओळखून परत यायला शिकता. एवढंच मी म्हणेन. वाचताना पानाच्या तळाशी पोचून 'काय वाचलं?' असं होतं, तिथे मला स्वतःला याचा उपयोग होतो. पण तो माझा अनुभव झाला, पुरावा नाही.

एक गंभीर गोष्टही. काही जणांना श्वासाकडे लक्ष दिल्यावर बरं वाटायच्या ऐवजी धडधड वाढते, छाती आवळल्यासारखी होते. तसं झालं तर रेटू नका. डोळे उघडा आणि श्वासाऐवजी तळपायांना लागणारी फरशी किंवा पंख्याचा आवाज धरा. जुना आघात, पॅनिकचे झटके, किंवा मन फार खचलेलं असेल तर एकट्याने प्रयोग करण्याआधी समुपदेशकाशी किंवा डॉक्टरांशी बोला. सरकारची टेलि-मानस सेवा १४४१६ या क्रमांकावर आहे, ती मराठीतूनही बोलते.

परवा बहिणीचा मेसेज आला. तिच्या नवव्या दिवसाची नोंद होती: पूर्ण फेऱ्या एक, हरवून परत आठ, ओलांडले एकदा, तेवीसवर जाग आली. खाली लिहिलं होतं, 'तेवीस! ताई, तेवीसपर्यंत मी पेपर टूच्या युनिट चारमध्ये होते आणि मोजतही होते!!' मी तिला विचारलं, पहिल्या दिवशी किती वेळा ओलांडले होतेस? म्हणाली, पहिल्या तीन दिवसांत एकदाही नाही, तेव्हा मला वाटायचं मी नीट मोजतेय. मग जरा वेळाने आणखी एक मेसेज: 'थांब, तेव्हा मी नऊला थांबत होते की नाही हेच मला आठवत नाहीये.'